हळदीच्या सिग्नलवर रोज ड्रिफ्टचा अलर्ट येतोय: रिट्रेन करायच्या आधी काय बघायचं

प्रश्न: "साताऱ्यातून विचारतोय. हळदीच्या वायद्यावर पुढच्या ५ दिवसांचा रिटर्न सांगणारं लाइटजीबीएम मॉडेल बनवलंय, ४० फीचर्स आहेत. लाइव्ह करून ४० दिवस झाले. शेवटच्या २० दिवसांची लाइव्ह प्रेडिक्शन्स ट्रेनिंगमधल्या प्रेडिक्शन्सशी पीएसआय काढून ताडतो, ०.२५ च्या वर गेलं की टेलिग्रामवर अलर्ट येतो. अलर्ट जवळपास रोजच येतोय. मॉडेल ड्रिफ्ट झालंय का? रिट्रेन करू का?"

उत्तर:

रिट्रेन आत्ता करू नका. तुमचा अलर्ट ज्या पद्धतीने लावलाय त्यात मॉडेल ठणठणीत असतं तरी तो रोज वाजलाच असता, आणि खरोखर काही बिघडलं असेल तर ते नेमकं काय हे त्या एका आकड्यावरून कळणार नाही. मी सांगलीत असतो, मार्केट यार्डातल्या एका व्यापाऱ्यासाठी हळदीचाच सिग्नल गेली काही वर्षं चालवतोय, त्यामुळे या वाटेवरच्या बऱ्याच खड्ड्यांत पडून झालंय. तुमचं मॉडेल मी बघितलेलं नाही, तुमची आवकेची आकडेवारी कुठून येते, वायद्याच्या सिरीज कशा जोडल्यात हे माहीत नाही, त्यामुळे काही गोष्टी तुमच्याकडे वेगळ्या निघतील, पण तपासायचा क्रम बहुतेक हाच राहील.

आधी तुमच्या ०.२५ बद्दल. पीएसआय म्हणजे दोन काळांतले आकडे कप्प्यांत वाटले तर ती वाटणी एकमेकींपासून किती वेगळी आहे याचं मोजमाप. हा आकडा कर्जाच्या स्कोअरकार्डच्या कामातून आलाय, ०.१ च्या आत ठीक, ०.२५ च्या वर गंभीर. तिथे एका महिन्यात हजारो अर्ज असतात. तुमच्याकडे आहेत २० दिवस, म्हणजे २० आकडे. दोन्ही बाजूंचे आकडे एकाच पिशवीतून काढले, म्हणजे ड्रिफ्ट अजिबात नाही, तरी नुसत्या योगायोगाने पीएसआय शून्य येत नाही. तो सरासरी साधारण किती येईल याचा एक सोपा अंदाज आहे: कप्प्यांची संख्या वजा एक, गुणिले (१/लाइव्ह आकडे + १/संदर्भाचे आकडे). १० कप्पे, २० लाइव्ह दिवस आणि संदर्भाला १००० दिवस धरले तर ९ × (०.०५ + ०.००१), म्हणजे जवळपास ०.४६. काहीही बिघडलेलं नसताना सरासरीच ०.४६, आणि तुमची रेषा ०.२५ ला. शिवाय २० आकडे १० कप्प्यांत टाकले की एखाददुसरा कप्पा रिकामा राहतोच, तिथे लॉग घेता यावा म्हणून आपण जो बारीकसा आकडा घालतो तोच मग पीएसआय ठरवायला लागतो, ०.०००१ घातला तर एक उत्तर, ०.०१ घातला तर दुसरंच.

६० दिवस आणि ५ कप्पे घेतले तर हाच अंदाज ४ × (१/६० + १/१०००), म्हणजे ०.०७ वर येतो. बराच बरा. पण तोही तेव्हाच खरा जेव्हा प्रत्येक दिवस दुसऱ्यापासून सुटा असतो, आणि आपले दिवस सुटे नसतात. तुमच्या ४० फीचर्समध्ये २० दिवसांची सरासरी, ५ दिवसांची आवक असलं काहीतरी असणारच, त्यामुळे आजचं प्रेडिक्शन कालच्याचा हात धरूनच येतं. ६० दिवसांत प्रत्यक्षात सुटी माहिती कदाचित १०-१५ दिवसांएवढीच. म्हणून पुस्तकातली रेषा सोडून द्या, तुमच्या स्वतःच्या इतिहासावरून रेषा काढा, ती कशी ते खाली सांगतो.

त्याच्या आधी मात्र यापेक्षा मोठी चूक बघू. तुम्ही लाइव्ह आकडे ताडताय ते ट्रेनिंगमधल्या प्रेडिक्शन्सशी. ट्रेनिंगचे दिवस मॉडेलने उत्तरासकट पाहिलेले असतात. ज्या दिवशी भाव ५ टक्के वाढला तो दिवस त्याने झाडांत पाठ करून ठेवलाय, तिथे ते ठामपणे मोठा आकडा सांगतं. नवीन दिवसावर तसा ठामपणा येऊच शकत नाही, आकडे शून्याच्या आसपास गोळा होतात. माझ्या पहिल्या मॉडेलमध्ये ट्रेनिंगवरच्या प्रेडिक्शन्सचा फैलाव, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, १.९ टक्के होता आणि न पाहिलेल्या दिवसांवर ०.८ टक्के. यात ड्रिफ्ट काहीच नाही, ही ओव्हरफिटिंगची सावली आहे, ती पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत राहणार. तुमचा रोजचा अलर्ट बहुतेक याच दोन गोष्टींमुळे येतोय, संदर्भ चुकीचा आणि दिवस कमी.

संदर्भ म्हणून घ्यायची ती वॉक-फॉरवर्ड प्रेडिक्शन्स. म्हणजे समजा २०१८ अखेरपर्यंत ट्रेन करा, पुढच्या ३ महिन्यांची प्रेडिक्शन्स काढून ठेवा, मग ते ३ महिने ट्रेनिंगमध्ये घेऊन त्यापुढचे ३ महिने, असं २०२२ अखेरपर्यंत चला. हाताशी जवळपास १००० दिवसांची अशी प्रेडिक्शन्स येतात की ज्यांतला एकही दिवस मॉडेलने आधी पाहिलेला नव्हता, अगदी लाइव्हसारखाच. एकच काळजी घ्या, तुमचं लेबल पुढच्या ५ दिवसांचं आहे म्हणून ट्रेनिंगचा शेवट आणि प्रेडिक्शनची सुरुवात यांच्यामध्ये किमान ५ दिवसांची फट सोडा, नाहीतर शेवटच्या ओळींच्या लेबलमधून पुढचे भाव आत झिरपतात. आता हे खरं की प्रत्येक तुकड्याचं मॉडेल थोडं वेगळं असतं, लाइव्ह मॉडेल त्यांतलं कुठलंच नसतं, पण तेवढा फरक चालतो.

आता रेषा. या १००० दिवसांवर सलग ६० दिवसांची खिडकी सरकवत न्यायची, प्रत्येक खिडकीचा पीएसआय उरलेल्या दिवसांशी काढायचा. ज्या काळात सगळं ठीक चाललं होतं त्या काळात हा आकडा किती वर जायचा ते त्यावरून कळतं.

```python
import numpy as np

def psi(ref, cur, k=5):
    edges = np.quantile(ref, np.linspace(0, 1, k + 1)[1:-1])
    r = np.bincount(np.searchsorted(edges, ref), minlength=k) + 0.5
    c = np.bincount(np.searchsorted(edges, cur), minlength=k) + 0.5
    r, c = r / r.sum(), c / c.sum()
    return np.sum((c - r) * np.log(c / r))

w = 60
null = []
for i in range(len(wf) - w + 1):
    ref = np.concatenate([wf[:i], wf[i + w:]])
    null.append(psi(ref, wf[i:i + w]))
limit = np.quantile(null, 0.95)
```

यात `wf` म्हणजे तारखेच्या क्रमाने लावलेली वॉक-फॉरवर्ड प्रेडिक्शन्स. माझ्याकडे `limit` ०.६२ आला, म्हणजे पुस्तकातल्या रेषेच्या अडीचपट. तुमच्याकडे काय येईल ते तुमच्या फीचर्सवर आहे, जेवढी लांब सरासरीची फीचर्स जास्त तेवढी रेषा वर. आणि या आकड्यावरही डोळे मिटून विश्वास टाकू नका, १००० दिवसांत ६० दिवसांच्या सुट्या खिडक्या फक्त १६ बसतात, बाकीच्या सगळ्या एकमेकींवर चढलेल्या, त्यामुळे ९९ टक्क्यांची रेषा वगैरे मागायला गेलात तर ती एकाच वाईट काळावर उभी असते.

हळदीत अजून एक भानगड आहे ती हंगामाची. आपल्याकडे नवीन हळद काढून, शिजवून, वाळवून, पॉलिश होऊन फेब्रुवारीपासून यार्डात यायला लागते आणि उन्हाळाभर आवक चालते, पावसाळ्यात ती आटते. मार्चमधली ६० दिवसांची खिडकी वर्षभराच्या आकड्यांशी ताडली तर ती वेगळी दिसणारच, दरवर्षी दिसते. मी म्हणून संदर्भ त्याच हंगामाचा घेतो, फेब्रुवारी ते मे वेगळा आणि उरलेलं वर्ष वेगळं. याने संदर्भाचे दिवस कमी होतात, रेषा अजून डगमगते, पण दर फेब्रुवारीत खोटा अलर्ट येण्यापेक्षा हे परवडतं.

इथपर्यंत केलंत तरी अलर्टची कटकट बरीच कमी होईल. पण माझ्या अनुभवात लाइव्ह प्रेडिक्शन्स ट्रेनिंगसारखी वागेनाशी होतात त्याचं पहिलं कारण बाजार नसतो, आपलीच पाइपलाइन असते, आणि ती पकडायला पीएसआय लागत नाही. एक प्रसंग सविस्तर सांगतो, मला वाटतं तुमच्याकडेही असंच काहीतरी निघू शकेल.

एका वर्षी जानेवारीपासून सिग्नल लाइव्ह होता, सगळं नीट. मार्च संपता संपता प्रेडिक्शन्स वर सरकायला लागली, रोज तेजी, रोज तेजी, आणि पीएसआय आमच्या रेषेच्या वर. आम्ही बसून चर्चा केली, आवक मंदावली असेल, पिकाचा अंदाज कमी झाला असेल, अशी दोन-चार कारणंही सापडली, आणि कारणं सापडतात ही यातली वाईट गोष्ट, बाजारात कुठल्याही गोष्टीला कारण सापडतं. मग मी मागच्या ६० दिवसांचं रिप्ले केलं. म्हणजे त्या प्रत्येक दिवसाचं प्रेडिक्शन ट्रेनिंगच्या कोडने, ट्रेनिंगच्या पद्धतीच्या फाइलवरून परत काढलं आणि त्या दिवशी लाइव्हमध्ये निघालेल्या आकड्याशेजारी ठेवलं. ५३ दिवस तंतोतंत जुळले. ७ दिवस जुळले नाहीत, आणि ते सातही सलग.

त्यांतला एक दिवस उघडला. लाइव्हमध्ये प्रेडिक्शन होतं १.४ टक्के तेजी, रिप्लेमध्ये ०.१. फीचर्सच्या दोन ओळी एकाखाली एक लावल्या, सगळी फीचर्स सारखी, फक्त ५ दिवसांच्या सरासरी आवकेचं एक वेगळं. रिप्लेमध्ये १७ हजार पोती, लाइव्हमध्ये ६.८ हजार. अजून खाली गेलो. मार्चअखेरीला हिशेबासाठी यार्डातले सौदे बंद होते, त्यांतले ३ दिवस असे की वायदे बाजार मात्र चालू. ट्रेनिंगच्या फाइलमध्ये सौदे बंद असलेल्या दिवसाची ओळच नव्हती, म्हणून तिथली सरासरी शेवटच्या ५ सौद्यांची निघायची: १५, १९, १७, १६, १८, सरासरी १७. लाइव्ह कोड वायदे बाजाराच्या प्रत्येक दिवसाची ओळ बनवायचा आणि आवक मिळाली नाही की तिथे शून्य भरायचा: १६, १८, ०, ०, ०, सरासरी ६.८. मॉडेल बिचारं बरोबरच वागत होतं, भर हंगामात आवक एवढी घसरलेली दिसली तर तेजीच सांगणार. तीन बंद दिवस आणि त्यापुढचे चार, जोवर पाचाच्या खिडकीत एकतरी शून्य होतं तोवर, असे ते सात दिवस.

ज्यांच्यासाठी काम करतो त्या शेठना हे दाखवलं तर ते एकच वाक्य बोलले, "सौदे बंद असले की आवक शून्य नसते हो, आवक मोजलेली नसते." फीचर बनवताना मी त्यांच्याशेजारी बसलो असतो तर हे आधीच कळलं असतं. तेव्हापासून नियम केलाय की यार्डातल्या प्रत्येक आकड्याचा अर्थ, तो कधी लिहिला जातो, कोण लिहितं, पोत्यात की क्विंटलमध्ये, हे सौद्याला जाणाऱ्या माणसाला विचारल्याशिवाय ते फीचर आत घ्यायचं नाही.

आता विचार करा, त्या आठवड्यात आम्ही अलर्ट बघून लाइव्हच्या ओळी जोडून रिट्रेन केलं असतं तर काय झालं असतं. खोट्या शून्यांच्या ओळी ट्रेनिंगमध्ये शिरल्या असत्या, मॉडेलने आवकेवरचा भरवसा कमी केला असता, पीएसआय आपोआप खाली आला असता आणि आम्ही समजलो असतो की दुरुस्त झालं. चूक पाइपलाइनमध्ये तशीच, आणि वर मॉडेलही अधू. म्हणून तुम्हाला पहिल्याच ओळीत रिट्रेन करू नका म्हटलं.

रिप्ले करता यावा म्हणून लाइव्हमध्ये रोज काही गोष्टी साठवाव्या लागतात, आणि त्या साठवल्या नसतील तर आजपासून सुरू करा. बाहेरून जो डेटा जसा आला तसाच, साफ न करता. त्यावरून बनलेली ४० फीचर्सची ओळ. मॉडेलची कुठली फाइल वापरली. निघालेलं प्रेडिक्शन आणि ते किती वाजता निघालं. एवढं असलं की दोन वेगवेगळे रिप्ले करता येतात, आणि दोन्ही करा, कारण ते दोन वेगळ्या चुका दाखवतात.

पहिला रिप्ले: त्या दिवशी आलेला कच्चा डेटा ट्रेनिंगच्या कोडमधून चालवायचा. यात लाइव्हशी फरक यायलाच नको, आला तर दोन कोड वेगळे आहेत. इथे रेषा वगैरे प्रकार नाही, दशांशाच्या सहाव्या आकड्यापर्यंत जुळलं पाहिजे, नाही जुळलं तर त्या दिवशीचा सिग्नल वापरायचा नाही. दुसरा रिप्ले: आज हातात असलेला इतिहास घेऊन त्या जुन्या दिवसाचं प्रेडिक्शन परत काढायचं. इथे फरक आला तर त्याचा अर्थ डेटा नंतर बदलला. बाजार समित्यांची आवक संध्याकाळी एक दिसते आणि चार दिवसांनी दुरुस्त होऊन वेगळी दिसते, किंवा त्या संध्याकाळी आलेलीच नसते आणि उशिरा भरली जाते. ट्रेनिंगमध्ये मॉडेलने दुरुस्त झालेला आकडा पाहिला, लाइव्हमध्ये त्याला मिळतो कच्चा. वायद्याच्या सिरीज जोडतानाही हेच होतं, एक्स्पायरीला दोन सिरीजमधली फट काढून टाकायला मागचे सगळे भाव सरकवले असतील तर भावाच्या पातळीवर उभं असलेलं प्रत्येक फीचर मागच्या तारखेने बदलतं. माझा प्रसंग पहिल्या रिप्लेत पकडला गेला, पण दुसऱ्या प्रकारच्या चुका जास्त चिवट, त्यावर उपाय म्हणजे ट्रेनिंगच्या डेटातही आवक एक-दोन दिवस मागची वापरायची, म्हणजे लाइव्हमध्ये जे खरंच हातात असतं तेवढंच.

रिप्ले जुळला आणि तरी प्रेडिक्शन्स विचित्र वाटतायत तर मग बाजाराकडे बघायचं. तिथेही मी पीएसआयच्या आधी एक सोपी गोष्ट बघतो: आजची फीचर्स ट्रेनिंगमध्ये दिसलेल्या पट्ट्याच्या बाहेर गेलीत का. हळदीत २०२३ ला काय झालं ते आठवा, वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत वायदा क्विंटलला ७-८ हजारांच्या आसपास होता आणि ऑगस्टपर्यंत १५ हजारांच्या वर गेला. २०२२ पर्यंतच्या काही वर्षांवर शिकलेल्या मॉडेलने असा भाव कधी बघितलेला नव्हता. झाडांवर चालणारी मॉडेल्स अशा वेळी ओरडत नाहीत. झाडातला शेवटचा फाटा समजा "भाव ९८०० पेक्षा जास्त" असा असेल तर १०,००० ही त्याच पानावर आणि १५,००० ही त्याच पानावर, उत्तर एकच. रुपयांत मोजलेली तुमची दोन-चार महत्त्वाची फीचर्स अशी टोकाला जाऊन बसली की प्रेडिक्शन जवळपास गोठतं. एका मॉडेलमध्ये मी सलग ११ दिवस ०.८४ हाच आकडा बघितलाय. सरासरी बघितली तर काही गैर नाही, ०.८४ हा नेहमीच्या पट्ट्यातलाच आकडा, पण ११ दिवस भाव पळतोय आणि मॉडेल एकच वाक्य बोलतंय.

हे पकडायला दोन मोजमापं पुरतात, ती रोज टाका. एक, सर्वात वजनदार ५ फीचर्सपैकी किती आज ट्रेनिंगच्या सर्वात लहान-मोठ्या आकड्याच्या बाहेर आहेत. दोन, शेवटच्या २० प्रेडिक्शन्समध्ये वेगवेगळे आकडे किती, वॉक-फॉरवर्डमध्ये हे नेहमी १८-२० असतील आणि आता ६ वर आले तर मॉडेल टोकाला टेकलंय. कायमचा उपाय म्हणजे रुपयांतली फीचर्स काढून टक्क्यांत आणणं, भाव स्वतः न देता तो त्याच्या वर्षाच्या सरासरीपासून किती दूर आहे ते देणं. या एका बाबतीत नुसत्या रिट्रेनने काम भागत नाही, फीचरच बदलावं लागतं, नाहीतर पुढच्या उसळीला परत तेच.

सगळ्या ४० फीचर्सवर वेगवेगळा अलर्ट मात्र लावू नका. प्रत्येकाची रेषा ५ टक्के खोट्या अलर्टची धरली तरी ४० गुणिले ०.०५, म्हणजे काही बिघडलेलं नसताना दिवसाला सरासरी दोन अलर्ट. आठवड्याभरात तुम्ही टेलिग्राम म्यूट कराल आणि खरा अलर्ट त्यातच जाईल.

आता राहिला सगळ्यात अवघड भाग. रिप्ले जुळतोय, फीचर्स पट्ट्यात आहेत, प्रेडिक्शन्सचा फैलावही जुन्यासारखा, पण फीचर आणि भाव यांचं नातंच तुटलंय. आवक घटली की भाव वाढायचा तो आता वाढत नाही, समजा साठा दुसरीकडे एवढा पडलाय की इथल्या आवकेला किंमत राहिली नाही. हे प्रेडिक्शन्स बघून कधीच कळणार नाही, निकाल बघूनच कळेल, आणि निकाल फार हळू येतात. हिशोब बघा: वॉक-फॉरवर्डमध्ये दिशा बरोबर यायचं प्रमाण ५६ टक्के होतं आणि ते आता ५० वर आलंय, म्हणजे सिग्नल मेलाय. हे बऱ्यापैकी खात्रीने सांगायला, ५ टक्के खोटा अलर्ट आणि ८० टक्के वेळा खरा पकडायचा असं धरलं तर, ४०० च्या वर सुटे निकाल लागतात. तुमचा निकाल ५ दिवसांचा, वर्षाला सुटे निकाल साधारण ५०. म्हणजे ८ वर्षं. एकाच मालावर, रोजच्या एका सिग्नलवर, नातं तुटल्याचा अलर्ट वेळेत देणं आकडेशास्त्राने होत नाही, होतं असं कुणी म्हणालं तर त्याला दिवस मोजायला सांगा.

म्हणून तिथे मी अलर्ट न लावता तोट्याची मर्यादा लावतो. वॉक-फॉरवर्डच्या चार वर्षांत सिग्नल सगळ्यात वाईट किती खाली गेला होता ते बघायचं, लाइव्हमध्ये तो त्याच्या दीडपट खाली गेला की सौद्याचा आकार अर्धा, दुप्पट गेला की बंद करून परत कागदावर चालवायचा. दीडपट आणि दुप्पट हे माझे आकडे, तुमची ताकद किती, पैसे स्वतःचे की दुसऱ्याचे, यावर ते बदलतील. यामागे शास्त्र थोडं आणि सावधगिरी जास्त आहे हे मान्य करतो, पण ८ वर्षं थांबायची कुणाचीच तयारी नसते. तुम्ही हळदीबरोबर जिरे, धणे असे अजून माल घेऊन तोच सिग्नल चालवलात तर निकाल लवकर जमतात, फक्त मसाल्याचे भाव एकमेकांबरोबर हलतात म्हणून तीन माल म्हणजे तिप्पट माहिती असं नाही.

माझ्याकडे सध्या टेलिग्रामवर येतं ते एवढंच. सकाळी पहिला रिप्ले, फरक असेल तर लाल आणि त्या दिवशी सिग्नल बंद. फीचर पट्ट्याबाहेर किंवा प्रेडिक्शन गोठलेलं, हे सलग ३ दिवस राहिलं तर पिवळा आणि आकार अर्धा. ६० दिवसांचा पीएसआय आठवड्यातून एकदाच, शनिवारी, रेषेच्या वर गेला तर मी बसून दुसरा रिप्ले चालवतो, सौदे मात्र तसेच चालू. गेल्या हंगामात लाल २ वेळा आला, दोन्ही वेळा खरा निघाला, एकदा आवकेची फाइल आदल्या दिवशीचीच परत आली होती आणि एकदा क्विंटलच्या जागी टनात आकडे आले होते. पिवळा ४ वेळा, त्यातला १ खरा.

तुमचे ४० दिवस ६० च्या खिडकीला अजून पुरत नाहीत, त्यामुळे पुढचा महिनाभर पीएसआय बंदच ठेवा. कच्चा डेटा साठवलेला असेल तर या चाळीसही दिवसांचा पहिला रिप्ले आज रात्रीच चालवा, आणि जे दिवस जुळणार नाहीत त्या तारखा यार्डाच्या सुट्ट्यांशी आधी ताडून बघा. साठवलेला नसेल तर किमान दुसरा रिप्ले करा, लाइव्हचे निघालेले आकडे टेलिग्रामवर तरी पडलेले असतीलच, ते तारखेसकट उतरवून घ्या. दोन्हीत सगळं जुळलं तर मॉडेल होतं तसंच आहे, चालू द्या.